रिकामा सेल आणि काठोकाठ विहीर

एका गावातल्या सार्वजनिक विहिरीचा आलेख आहे. मार्च ते जून, दर रविवारी एक मोजमाप. वरची कड म्हणजे जमीन आणि रेघ जितकी खाली तितकं पाणी खोल. मार्चच्या सुरुवातीपासून रेघ हळूहळू खाली उतरते, उन्हाळ्यात उतरावी तशीच. मग २४ मार्चला ती एकदम वर उसळते आणि थेट जमिनीला टेकते. पुढच्या रविवारी परत पावणेआठ मीटर खाली. एप्रिलमध्ये असंच आणखी दोनदा होतं. आणि १९ मेपासून तीन रविवार रेघ जमिनीला चिकटून सपाट चालते, जणू विहीर काठोकाठ भरली आहे.

त्या तीन रविवारी विहिरीत थेंब नव्हता. आलेखाने नेमकं उलटं सांगितलं, आणि तेही सर्वांत वाईट आठवड्यांबद्दल. मार्च-एप्रिलमधल्या तीन उसळ्यांच्या दिवशी तर कोणी मोजायलाच गेलं नव्हतं. आकडे लिहिणाऱ्याने एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. गडबड झाली ती ‘काहीच लिहिलं नाही’ या गोष्टीचा स्प्रेडशीटने लावलेल्या अर्थात.

हे उदाहरण मी मुद्दाम विहिरीचं घेतलं आहे. आकडे समजावण्यासाठी रचले आहेत, पण त्यात होणाऱ्या चुका रोजच्या आहेत. दुकानाच्या विक्रीच्या आलेखात खोटं शून्य आलं, तर ते निदान डोळ्यांत भरतं, कारण शून्य म्हणजे वाईट बातमी. विहिरीच्या खोलीत शून्य म्हणजे उत्तम बातमी, आणि चांगल्या बातमीची फेरतपासणी सहसा कोणी करत नाही.

आधी वही पाहू. मोजणारा विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडतो आणि पाण्यापर्यंतचं अंतर लिहितो. कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच. विहिरीचा तळ कठड्यापासून ११.२५ मीटरवर, म्हणजे जमिनीपासून साडेदहा मीटर. साल २०२४. ३, १० आणि १७ मार्चला ७.०५, ७.४० आणि ७.८० मीटर. २४ मार्चला होळी होती, मोजमाप राहिलं. ३१ मार्चला ८.५५, ७ एप्रिलला ८.९५. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, मोजमाप राहिलं. २१ एप्रिलला ९.८५. २८ एप्रिलला घरचं लग्न, पुन्हा कोरी जागा. ५ मेला १०.७०, १२ मेला ११.१०. त्यानंतर १९ मे, २६ मे आणि २ जून या तीन तारखांसमोर एकच शब्द: कोरडी. ९ जूनला पावसानंतर १०.२०.

एकूण १५ रविवार. त्यातले ९ आकडे, ३ कोऱ्या जागा आणि ३ वेळा ‘कोरडी’. कोरी जागा आणि ‘कोरडी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वही वाचणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही. पहिलीचा अर्थ ‘माहीत नाही’, दुसरीचा अर्थ ‘पाणी तळाच्याही खाली गेलं’. एक्सेलला मात्र हा फरक आपणहून कळत नाही.

एक्सेलमध्ये पहिला कॉलम तारखेचा, दुसरा वहीतल्या आकड्यांचा. आपल्याला जमिनीपासूनची खोली हवी, म्हणून तिसऱ्या कॉलममध्ये कठड्याची उंची वजा करायची. सहज सुचणारा फॉर्म्युला असा:

```
=B2-0.75
```

३ मार्चला ७.०५ मधून ०.७५ गेले, ६.३० राहिले. पण २४ मार्चच्या ओळीत उत्तर येतं उणे ०.७५. वजाबाकी करताना एक्सेल रिकाम्या सेलला शून्य धरतं, आणि शून्यातून पाऊण मीटर वजा केला की पाणी जमिनीच्या पाऊण मीटर वर! ‘कोरडी’च्या ओळीत तर शब्दातून आकडा वजा करायचा, म्हणून `#VALUE!` असा दोष दिसतो. दिसायला हे वाईट, पण याचा एक गुण आहे: चूक लपत नाही.

माणूस मग कागद स्वच्छ करायला घेतो. ‘आकडा नसेल तर काहीच दाखवू नकोस’ असं सांगणारा फॉर्म्युला लिहितो:

```
=IFERROR(IF(B2="","",B2-0.75),"")
```

आता सहाही जागा कोऱ्या दिसतात. शीट नीटनेटकं. आणि इथेच सुरुवातीचा तो आलेख जन्माला येतो, तीन उसळ्या आणि तीन आठवड्यांच्या सपाट रेघेसकट.

कारण असं की ती दोन अवतरणचिन्हं `""` म्हणजे रिकामेपण नव्हे. तो मजकूर आहे, फक्त त्यात एकही अक्षर नाही. पत्र न येणं आणि आत कोरा कागद असलेलं पाकीट येणं, यांत जो फरक तोच इथे. एक्सेलच्या रेषालेखाचा नियम असा आहे की ज्या सेलमध्ये मजकूर आहे तो शून्यावर काढायचा. मजकूर अक्षरहीन असो, ‘कोरडी’ असो, सवयीने टाकलेली आडवी रेघ असो किंवा स्पेसबार दाबून उरलेली एक मोकळी जागा असो, सगळ्यांची गत एकच. `#VALUE!` किंवा `#DIV/0!` सारखे दोषही आलेखात शून्यावरच बसतात. अपवाद एकाच दोषाचा, `#N/A` चा, आणि त्याचा आपल्याला पुढे उपयोग आहे.

खरा रिकामा सेल म्हणजे ज्यात आकडा, शब्द, फॉर्म्युला यांतलं काहीच नाही. फॉर्म्युला असलेला सेल कितीही कोरा दिसला तरी रिकामा नसतो. हे एक वाक्य लक्षात राहिलं की या विषयातला बहुतेक गोंधळ सुटतो.

कोऱ्या दिसणाऱ्या सेलमध्ये काय दडलंय हे डोळ्यांना कळत नाही, पण विचारता येतं. बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये हे दोन फॉर्म्युले लिहा:

```
=ISBLANK(C5)
=LEN(C5)
```

पहिल्याचं उत्तर `TRUE` आलं तर सेल खरोखर रिकामा. `FALSE` आलं आणि दुसऱ्याचं उत्तर ० असेल तर आत अक्षरहीन मजकूर आहे. दुसऱ्याचं उत्तर १ असेल आणि सेल कोरा दिसत असेल तर बहुधा कोणीतरी आकडा खोडण्यासाठी स्पेसबार दाबला आहे. ही सवय मी अनेकांच्या हाती पाहिली आहे. सेल रिकामा करायचा तर `Delete` हीच कळ.

अख्ख्या कॉलमची परीक्षा घ्यायची असेल तर `COUNT` आणि `COUNTA` ही जोडी वापरा. `COUNT` फक्त आकडे मोजतं. `COUNTA` रिकामे नसलेले सगळे सेल मोजतं. आपल्या वहीच्या कॉलमवर, म्हणजे `B2:B16` वर, पहिल्याचं उत्तर ९ आणि दुसऱ्याचं १२ येईल. फरक ३, म्हणजेच ‘कोरडी’ लिहिलेल्या तीन ओळी. हिशेब जुळला. तिसऱ्या कॉलमवर मात्र `COUNTA` १५ सांगेल, कारण तिथे प्रत्येक सेलमध्ये फॉर्म्युला आहे. आलेख तिसऱ्या कॉलमवरून काढला असेल तर त्यात एकही खरा रिकामा सेल नाही, हे तिथल्या तिथे समजतं.

एक फसवी जागा आणखी आहे. काहीजण फॉर्म्युल्यांचा कॉलम कॉपी करून त्याच जागी फक्त किमती पेस्ट करतात, म्हणजे `Paste Values` वापरतात, आणि समजतात की आता कोऱ्या जागा खरोखर कोऱ्या झाल्या. त्या होत नाहीत. फॉर्म्युला जातो, पण अक्षरहीन मजकूर मागे उरतो. वर फॉर्म्युला-बारमध्येही काही दिसत नाही, त्यामुळे हा प्रकार सर्वांत जास्त वेळ खातो. `ISBLANK` मात्र तो पकडतं. असे सेल निवडून `Delete` दाबलं की मगच ते रिकामे होतात.

आता आलेखाच्या बाजूला वळू. सेल खरोखर रिकामे असतील तेव्हा त्यांचं काय करायचं हे ठरवायची मोकळीक एक्सेल आपल्याला देतं, पण ती मोकळीक जरा आडबाजूला ठेवलेली आहे. आलेखावर उजवी कळ दाबा, `Select Data` निवडा. जी खिडकी उघडेल तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात `Hidden and Empty Cells` असं बटण आहे. त्यात `Show empty cells as` या शीर्षकाखाली तीन पर्याय दिसतात: `Gaps`, `Zero` आणि `Connect data points with line`. पहिल्याने रेघ तुटते, दुसऱ्याने शून्यावर जाते, तिसऱ्याने अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू सरळ जोडला जातो. साध्या रेषालेखात मुळात `Gaps` हा पर्याय लागू असतो. म्हणजे खऱ्या रिकाम्या सेलच्या बाबतीत एक्सेल आपणहून योग्य तेच करतं. तरीही शून्य दिसत असेल तर आधी सेलवर संशय घ्यावा, मग या खिडकीवर. ही निवड संपूर्ण आलेखाला लागू होते. एका रेघेला तुटक आणि दुसरीला जोडलेली ठेवायची सोय या खिडकीत नाही.

`Gaps` निवडल्यावर एक वेगळीच अडचण येते, आणि आपल्या वहीत ती नेमकी आहे. २१ एप्रिलचं मोजमाप पाहा. त्याच्या आधीचा रविवार रिकामा, नंतरचाही रिकामा. रेघ काढायला दोन बिंदू लागतात आणि या बिंदूला शेजारीच नाही. नुसत्या रेघेचा आलेख असेल तर २१ एप्रिलचं मोजमाप आलेखातून पूर्ण गायब होतं. माणूस उन्हात जाऊन टेप सोडून आला, आकडा लिहिला, आणि तो कोणाला दिसतच नाही. उपाय सोपा आहे: रेघेवर बिंदू दाखवणारा प्रकार निवडायचा, `Line with Markers`. मग एकटा पडलेला बिंदूही ठिपका म्हणून जागेवर दिसतो. मोजमापं तुटक असतील तर बिंदूंशिवाय रेषालेख काढूच नये, असं माझं ठाम मत आहे. बिंदू म्हणजे ‘इथे माणूस गेला होता’ याची खूण, आणि मधली रेघ हा फक्त आपला अंदाज.

पण आपला आलेख वहीच्या कॉलमवरून नाही, वजाबाकीच्या कॉलमवरून काढायचा आहे, आणि तिथे सगळीकडे फॉर्म्युला आहे. फॉर्म्युल्याला एक्सेलमध्ये खरा रिकामा सेल परत देता येत नाही. इथे `#N/A` कामाला येतो. ‘ही किंमत उपलब्ध नाही’ असं सांगणारा हा दोष, आणि `NA()` लिहून तो मुद्दाम निर्माण करता येतो. तिसऱ्या कॉलमचा फॉर्म्युला असा बदला:

```
=IF(ISNUMBER(B2),B2-0.75,NA())
```

याचा अर्थ: वहीत आकडा असेल तरच वजाबाकी कर, नाहीतर ‘उपलब्ध नाही’ म्हण. ‘सेल रिकामा आहे का’ असं विचारण्यापेक्षा ‘सेलमध्ये आकडा आहे का’ असं विचारणं जास्त भरवशाचं, कारण मग कोरी जागा, आडवी रेघ, स्पेस, ‘कोरडी’ हे सगळं एकाच चाळणीत अडकतं. आलेख `#N/A` ला शून्यावर नेत नाही. तीन उसळ्या आणि सपाट रेघ तत्काळ जातात.

त्यांच्या जागी काय येतं हे मात्र तुमच्या एक्सेलच्या वयावर अवलंबून आहे. जुन्या आवृत्त्यांत `#N/A` आला की रेघ अलीकडून पलीकडे सरळ जोडली जाते, खिडकीत `Gaps` निवडलं असलं तरी. फॉर्म्युल्याच्या कॉलममधून तुटलेली रेघ मिळवण्याचा सरळ मार्गच तिथे नाही. तुटलेलीच हवी असेल तर ते सेल हाताने रिकामे करावे लागतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये त्याच खिडकीत एक नवी चौकट आली आहे, `Show #N/A as empty cell`. तिच्यात खूण असली की `#N/A` ला रिकाम्या सेलचीच वागणूक मिळते, आणि `Gaps` निवडलं असेल तर रेघ तुटते. आपल्याकडे कोणतं एक्सेल आहे हे शोधत बसण्यापेक्षा ती खिडकी उघडून चौकट आहे का ते पाहावं.

शीटवर जागोजागी `#N/A` दिसणं लोकांना आवडत नाही, आणि मग ते पुन्हा `""` कडे वळतात. त्याची गरज नाही. तिसरा कॉलम निवडून `Conditional Formatting` मध्ये फॉर्म्युल्यावर आधारित नियम करा, त्यात `=ISNA(C2)` लिहा आणि अक्षरांचा रंग पांढरा ठेवा. कागदावर जागा कोरी दिसेल, आलेखाला खरी गोष्ट कळत राहील. उलट दिशेने हीच युक्ती उपयोगाची नाही: सेलमध्ये खरोखर शून्य असेल आणि तुम्ही ते नजरेआड केलंत, तर आलेख ते शून्य काढतोच. आलेख सेलचं रूप पाहत नाही, किंमत पाहतो.

आता त्या तीन ‘कोरडी’ ओळी. नव्या फॉर्म्युल्याने त्या शून्यावरून हटल्या, पण त्यांचीही ‘माहीत नाही’मध्येच भर पडली, आणि हे मला चालत नाही. होळीच्या दिवशी पाणी किती होतं ते आपल्याला माहीत नाही. २६ मेला पाणी किती होतं ते माहीत आहे: साडेदहा मीटरपर्यंत अजिबात नव्हतं. ही वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद, आणि आलेखात तिथे नुसती फट ठेवली तर वाचणाऱ्याला वाटेल की मेअखेर मोजणारा कंटाळला.

म्हणून चौथा कॉलम करायचा, फक्त कोरड्या रविवारांसाठी:

```
=IF(TRIM(B2)="कोरडी",10.5,NA())
```

`TRIM` शब्दाच्या मागेपुढे चुकून राहिलेली स्पेस काढून टाकतं. ती राहिली तर ‘कोरडी’ आणि स्पेस जोडलेला ‘कोरडी’ हे एक्सेलच्या लेखी दोन वेगळे शब्द. हा कॉलम आलेखात दुसरी मालिका म्हणून घालायचा, तिची रेघ काढून टाकायची आणि फक्त लाल चौकोन ठेवायचे. आता १९ मे, २६ मे आणि २ जून या तारखांना तळाच्या खोलीवर तीन लाल खुणा दिसतात. मालिकेचं नाव द्यायचं ‘विहीर कोरडी, पाणी तळाखाली’. साडेदहा मीटर ही पाण्याची खोली नाही, पाणी त्याहून खाली आहे, हे त्या नावातून कळलं पाहिजे. हेच १०.५ पहिल्या मालिकेत घालून रेघ सलग केली असती तर आलेख सुबक दिसला असता, पण विहिरीचं पाणी तीन आठवडे साडेदहा मीटरवर थांबलं होतं असं त्यातून वाटलं असतं.

उभ्या अक्षाबद्दल एक छोटी गोष्ट. खोलीचा आलेख उलटा असावा, जमीन वर. अक्षावर उजवी कळ दाबून `Format Axis` मध्ये `Values in reverse order` वर खूण केली की शून्य वर जातं.

यानंतरची चूक सेलमध्ये नसते, गाळलेल्या ओळीत असते. समजा, भरणाऱ्याने २४ मार्चची ओळच टाकली नाही. १७ मार्चखाली थेट ३१ मार्च. मग रिकामा सेलच नाही, त्यामुळे `Gaps` निवडा नाहीतर `Zero`, काहीही फरक पडत नाही. एक्सेल १७ आणि ३१ मार्चचे बिंदू शेजारी समजून जोडून टाकतं. तारखा खऱ्या तारखा असतील आणि आडवा अक्ष तारखांचा असेल तर निदान त्या दोन बिंदूंत दोन आठवड्यांचं अंतर दिसतं. पण तारखा मजकूर म्हणून उतरल्या असतील, तर तेही अंतर नाहीसं होतं आणि सगळे बिंदू सारख्या अंतरावर उभे राहतात. चौदा दिवसांत झालेली घट सात दिवसांतली वाटते, रेघ तिथे उगीच तीव्र उतरते. बिंदू टाकून लिहिलेली तारीख, उदाहरणार्थ `24.3.2024`, आपल्याकडच्या बऱ्याच संगणकांवर मजकूर ठरते. ओळखायची सोपी खूण: नवीन सेलमध्ये खरी तारीख उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. फट दाखवायची असेल तर ओळ हवीच. म्हणून वर्षभराचे सगळे रविवार सुरुवातीलाच पहिल्या कॉलममध्ये भरून ठेवावेत आणि आकड्याची जागा मोकळी सोडावी. जे मोजलं गेलं नाही त्याचीही नोंद आपोआप राहते.

लपवलेल्या ओळींचंही असंच. ओळ लपवली किंवा फिल्टर लावला की एक्सेल ती आलेखातून काढून टाकतं, आणि रेघ काही घडलंच नाही अशी जोडली जाते. त्याच खिडकीत `Show data in hidden rows and columns` वर खूण केली की लपलेल्या ओळी आलेखात परत येतात.

खोट्या शून्यांचं नुकसान आलेखापुरतं राहत नाही, म्हणून सरासरीकडे एकदा पाहतो. आपल्या नऊ मोजमापांची जमिनीपासूनची सरासरी खोली ८.३२ मीटर येते. सहा कोऱ्या जागी कोणी खरीखुरी शून्यं भरली, तर तीच सरासरी ४.९९ मीटर होते, म्हणजे पाणी सव्वातीन मीटर वर आलं. `""` असेल तर `AVERAGE` त्याकडे दुर्लक्ष करतं आणि उत्तर बरोबर येतं. त्यामुळे गंमत अशी होते की सरासरी बरोबर आणि आलेख चूक, एकाच कॉलममधून. `#N/A` असेल तर उलट: आलेख बरोबर, पण `AVERAGE` चं उत्तरही `#N/A`. त्यावर हे चालतं:

```
=AVERAGEIF(C2:C16,">=0")
```

इथेही उत्तर ८.३२ येईल. फक्त ते लिहिताना ‘पाणी असलेल्या नऊ रविवारांची सरासरी’ असं लिहावं. कोरडे रविवार त्यात धरलेलेच नाहीत, त्यामुळे खरा उन्हाळा या आकड्यापेक्षा कडक होता.

एक्सेल नसलेल्यांसाठी दोन ओळी. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये रेघेवर उजवी कळ दाबून `Format Data Series` उघडा. `Options` या पानावर `Plot missing values` खाली `Leave gap`, `Assume zero` आणि `Continue line` असे तेच तीन पर्याय आहेत. गूगल शीट्समध्ये आलेखाच्या संपादकात `Customize` मधल्या `Chart style` खाली `Plot null values` ही चौकट असते. ती मोकळी असेल तर रिकाम्या जागी रेघ तुटते, खूण केली तर जोडली जाते. गूगल शीट्सची आणखी एक सोय मला फार आवडते. तिथे फॉर्म्युल्यातला शेवटचा भाग मोकळा सोडला तर खरा रिकामा सेल मिळतो:

```
=IF(ISNUMBER(B2),B2-0.75,)
```

स्वल्पविरामानंतर काहीच नाही. हाच फॉर्म्युला एक्सेलमध्ये नेला तर मात्र त्या जागी शून्य येतं, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत पोचतो. म्हणून फाइल इकडून तिकडे गेली की कोऱ्या जागा पुन्हा तपासाव्यात.

राहिला प्रश्न जोडण्याचा. `Connect data points with line` मोह पाडतं, कारण सलग रेघ वाचायला सोपी. कधी ते योग्यही असतं. होळीच्या फटीच्या एका बाजूला ७.०५ आहे, दुसऱ्या बाजूला ७.८०. सरळ रेघ मध्ये साधारण ७.४२ दाखवेल. उन्हाळ्यात पाऊस नाही, उपसा रोजचा, पाणी आठवड्याला तीस-चाळीस सेंटिमीटरने उतरतंय. अशा वेळी हा अंदाज फार चुकणार नाही. एखाददुसरा आठवडा, आणि मोजली जाणारी गोष्ट सावकाश एकाच दिशेने सरकणारी, तर जोडायला माझी हरकत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर हेच जोडणं चुकतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि साठवण थोडी असल्यामुळे चांगला पाऊस झाला की विहीर झपाट्याने वर येते. १२ मेला १०.३५ आणि ९ जूनला ९.४५, हे दोन बिंदू सरळ जोडले तर रेघ म्हणते की मेच्या मध्यापासूनच पाणी हळूहळू वाढत होतं. २६ मेला ती साधारण ९.९० वर असेल. खाली त्याच तारखेला लाल चौकोन आहे आणि विहीर कोरडी आहे. एकाच आलेखात रेघ एक सांगते आणि खूण दुसरं. जुन्या एक्सेलमध्ये `NA()` वापरलं की नेमकं हेच चित्र मिळतं, म्हणून अशा वेळी मी तिसऱ्या कॉलमच्या त्या तीन ओळींतले फॉर्म्युले हाताने पुसतो, सेल खरोखर रिकामे करतो आणि `Gaps` लावतो.

केंद्रीय भूजल मंडळाची निरीक्षण विहिरींची मोजमापं वर्षातून चार वेळा होतात: जानेवारी, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. त्यांचा आलेख पाहताना दोन बिंदूंमधली सरळ रेघ म्हणजे काही महिन्यांचं न मोजलेलं पाणी असतं, विशेषतः पावसाळ्यापूर्वी ते ऑगस्ट हा टप्पा. तिथेही नजर बिंदूंवर ठेवावी.

आपल्या विहिरीचा दुरुस्त आलेख आता असा दिसतो. वर जमीन. ३ मार्चला ६.३० मीटरवर पहिला ठिपका, तिथून उतरती रेघ. होळीला फट. ३१ मार्च आणि ७ एप्रिल जोडलेले, मग फट, २१ एप्रिलचा एकटा ठिपका ९.१० वर, पुन्हा फट. ५ आणि १२ मे जोडलेले, तळाच्या अगदी जवळ. मग साडेदहावर तीन लाल चौकोन. आणि ९ जूनला ९.४५ वर एक ठिपका. खाली दोन ओळींची टीप: ‘रेघ तुटली तिथे मोजमाप झालेलं नाही. लाल खूण म्हणजे विहीर कोरडी.’ हा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावता येतो.